सिमचा पिन तीनदा चुकला, आता पीयूके मागतोय. नेमकं काय लॉक झालंय आणि पुढे काय करायचं?

अनघा_डोंबिवली
आईच्या फोनचं सिम लॉक करायचं ठरवलं. फोन चोरीला गेला तर चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू नये, एवढाच हेतू. सेटिंग्जमध्ये `Lock SIM` चं बटण चालू केलं, तर त्याने पिन मागितला. नवा पिन ठेवायला सांगतोय असं समजून आम्हाला हवा तो चार आकडी पिन टाकला. चूक म्हणाला. आकडा नीट दाबला गेला नसेल म्हणून परत टाकला, मग आणखी एकदा. आता स्क्रीनवर हे येतंय:

`SIM is now disabled. Enter PUK code to continue.`

घरात या सिमचं प्लास्टिकचं कार्ड जपून ठेवलेलं आहे आणि त्यावर आठ आकडी पीयूके छापलेला आहे. तो दोनदा टाकला, दोन्ही वेळा चुकीचा निघाला. आता ८ संधी उरल्यात आणि त्यानंतर सिम कायमचं निकामी होईल असा इशारा दिसतो.

माझे प्रश्न: आईचे फोटो आणि फोनमधलं बाकी सगळं सुरक्षित आहे ना? कंपनीने स्वतः छापलेला पीयूके चुकीचा कसा निघतो? सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून काही उपयोग होईल का? आईचं पेन्शनचं खातं याच नंबरला जोडलेलं आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

रानवारा
फोटोंची काळजी सोडा. हे सिमचं कुलूप आहे, फोनचं नाही. सिमचा ट्रे बाहेर काढा आणि फोन चालू करा. नेहमीचा पॅटर्न टाकला की सगळं जागच्या जागी दिसेल, वायफायही चालेल.

टेंभुर्णीकर
सिम बाहेर काढून २४ तास बाजूला ठेवा. मग घातलं की तीन संधी परत मिळतात. घाई केली की बिघडतं.

चिपवाला
अनघाताई, आधी एक करा. त्या प्लास्टिक कार्डवरचा नंबर तिसऱ्यांदा टाकू नका. का ते खाली सांगतो.

टेंभुर्णीकर, २४ तासांची गोष्ट सिमला लागू नाही. फोनचा स्क्रीन लॉक चुकला की फोन तुम्हाला अर्धा मिनिट, मग आणखी जास्त वेळ थांबायला लावतो, त्यामुळे तसा समज होतो. सिमच्या आत घड्याळच नाही. चुकांचा हिशोब सिमच्या चिपमध्ये लिहिलेला असतो आणि वीज गेली तरी तो पुसला जात नाही. म्हणून बॅटरी काढा, फोन रीसेट करा, सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, आकडा आहे तिथेच राहतो. तो परत तीनवर एकाच गोष्टीने येतो, बरोबर पिन दिल्याने. आणि पिन अडकला असेल तर बरोबर पीयूके दिल्याने.

आता कुलूप कशाला लागलंय ते. प्रत्येक सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. फोन नेटवर्कवर येताना कंपनीची यंत्रणा सिमला एक कोडं घालते आणि सिम त्या किल्लीने त्याचं उत्तर काढून देतं. पिन चालू असेल तर तो बरोबर दिल्याशिवाय सिम हे उत्तर काढायलाच नकार देतं. म्हणून फोनला रेंज असूनही नंबर चालत नाही. सिमवर साठवलेले संपर्क आणि जुने एसेमेसही त्याच कुलपाआड असतात. फोटो, व्हॉट्सॲपची चॅट, फोनच्या मेमरीतले नंबर यांचा त्याच्याशी संबंध नाही.

मोबाईल नंबर सिमच्या आत कोंडलेला नसतो हेही लक्षात ठेवा. अमुक सिम म्हणजे अमुक नंबर ही जोडी कंपनीच्या यंत्रणेत असते. त्यामुळे हे सिम मेलं तरी नंबर जात नाही.

फिरस्ता_म्युनिक
इथे जर्मनीत सिम घेतलं की सोबतच्या कागदावर पिन आणि पीयूके दोन्ही असतात आणि पिन पहिल्या दिवसापासून चालू असतो. सिम घातलं की तो टाकावाच लागतो, त्यामुळे माणसाला माहीत असतो. कार्डवर छापलेला पीयूके चुकीचा असू शकत नाही. अनघाताई, आकडे वाचण्यात गल्लत झाली असणार. ६ आणि ८ चांगल्या उजेडात बघा.

चिपवाला
फिरस्ता, पहिला भाग अगदी बरोबर आणि सगळं दुखणं त्यातच आहे. भारतात सिम येतं तेव्हा पिन बंद असतो. बंद म्हणजे नसतो असं नाही. कंपनीने सिम तयार करताना एक पिन घालून ठेवलेला असतो, फक्त विचारला जात नाही. `Lock SIM` चालू करताना फोन तो आधीचा पिन मागतो. माणसाला वाटतं नवा ठेवायचाय. तीनदा तोच "नवा" पिन टाकला की खेळ संपला. अनघाताईंच्या बाबतीत नेमकं हेच झालंय आणि सिम अडकण्याचं हे फार मोठं कारण आहे.

बरोबर क्रम असा: आधी कंपनीचा मूळ पिन टाकून लॉक चालू करायचं, मग `Change SIM PIN` मध्ये जाऊन जुना पिन एकदा आणि नवा दोनदा टाकायचा.

दुसऱ्या भागाशी मात्र असहमत. कार्डवरचा पीयूके बरोबर असू शकतो, पण दुसऱ्या सिमचा. पीयूके मोबाईल नंबरला नाही, त्या एका चिपला बांधलेला असतो. अनघाताई, या नंबरचं सिम मधल्या काळात कधी बदललंय का? थ्रीजीचं फोरजी करताना, किंवा मोठं सिम जाऊन नॅनो आलं तेव्हा? सिम बाहेर काढा, मागे १९ किंवा २० आकडी बारीक नंबर असतो, भारतात त्याची सुरुवात 8991 ने होते. प्लास्टिक कार्डवरही तसाच नंबर असतो. दोन्हींचे शेवटचे पाच-सहा आकडे जुळतात का बघा.

अनघा_डोंबिवली
भिंग घेऊन वाचला. सिमवरचे शेवटचे आकडे ...30716 आहेत. प्लास्टिक कार्डवर ...88249. आता आठवलं, मागे कंपनीच्या दुकानात फोरजीचं सिम बदलून घेतलं होतं. त्या वेळी पाकिटातून फक्त सिम काढून दिलं, कार्ड दिलं नाही. म्हणजे मी मेलेल्या सिमचा पीयूके टाकत होते!

फिरस्ता_म्युनिक
मान्य, माझा अंदाज चुकला. माझ्याकडेही दोन सिमचे कागद एकाच पाकिटात आहेत, आजच त्यांवर खुणा करतो.

सुनीताकाकू
प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथेच विचारते. भाच्याने अमेरिकेतून आणलेल्या फोनमध्ये इथलं सिम घातलं तर `SIM network unlock PIN` मागतोय. मी कस्टमर केअरला पीयूके विचारून तो टाकला, तरी चालत नाही. किती संधी असतात?

चिपवाला
काकू, टाकू नका, तो पूर्ण वेगळा विषय आहे. तुमचं सिम ठणठणीत आहे, दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये चालेल. तिथल्या कंपनीने फोन हप्त्यावर किंवा सवलतीत देताना तो स्वतःच्याच नेटवर्कला बांधून ठेवलाय. कुलूप फोनला आहे आणि ते उघडणं त्या अमेरिकन कंपनीच्याच हातात आहे. भाच्याला तिथल्या खात्यातून अनलॉकची विनंती करायला सांगा, सोबत फोनचा आयएमईआय लागेल. इथली कंपनी त्यात काहीच करू शकत नाही. त्या कुलपालाही मोजक्याच संधी असतात, म्हणून अंदाजाने आकडे टाकू नका.

सुनीताकाकू
बरं झालं विचारलं. धन्यवाद. भाच्याला आज रात्रीच फोन करते.

रिचार्जवाला_सांगली
दुकानात रोज एखादं तरी असं गिऱ्हाईक येतं. पीयूके कसा मिळवायचा ते सांगतो.

पहिला रस्ता म्हणजे कंपनीचं ॲप. सिम काढून ठेवलेला फोन वायफायला जोडा. ॲपमध्ये आधीपासून लॉगिन असेल तर सिमच्या माहितीच्या किंवा मदतीच्या पानावर बहुतेक पीयूके मिळतो. पण नव्याने लॉगिन करायला गेलात तर ओटीपी त्याच अडकलेल्या नंबरवर जाणार. तिथे हा रस्ता संपतो. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ॲपमध्ये हा नंबर जोडलेला असेल तर तिथूनही बघता येतं.

दुसरा रस्ता म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या नंबरवरून कस्टमर केअरला फोन. समोरचा माणूस ज्याच्या नावावर सिम आहे त्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता, शेवटचा रिचार्ज कितीचा होता, असं विचारतो. सिमवरच्या त्या लांब नंबरचे शेवटचे आकडे बऱ्याचदा मागतात, म्हणून सिम समोर काढून ठेवा आणि मगच फोन लावा. सिम आईच्या नावावर असेल तर आईलाच बोलू द्या.

पीयूके सांगतील तो कागदावर लिहा आणि दोन-दोन आकड्यांनी परत वाचून दाखवा. पाच आणि आठची गल्लत फोनवर ऐकतानाही होते.

गल्लीबोळातल्या वेबसाइट्स "तुमचा नंबर टाका, पीयूके मिळवा" म्हणतात. हा आकडा मोबाईल नंबरवरून गणित करून निघत नाही. तो कंपनीच्या नोंदीतच असतो. तिथे नंबर किंवा पैसे देऊ नका.

मोटार_बारामती
माझा अनुभव वेगळाच. विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरमध्ये घातलेलं सिम आठवड्याने बंद पडलं. काढून फोनमध्ये घातलं तर पीयूके मागतंय. पिन मी आधी फोनमध्ये असताना चालू केला होता, चूक तेवढीच. पण स्टार्टरला कीपॅड नाही, मग पिन चुकवला कोणी?

चिपवाला
स्टार्टरनेच. त्याच्या आत मोडेम असतं. सिमला पिन लागलेला दिसला की काही यंत्रं आपल्या मेमरीत ठरवून ठेवलेला पिन, बहुधा १२३४, स्वतःच पाठवतात. वीज गेली आणि परत आली की यंत्र नव्याने सुरू होतं आणि एक चुकीचा प्रयत्न खर्ची पडतो. तीनदा वीज आली-गेली की पीयूके. मध्ये कुणी बरोबर पिन टाकत नाही, त्यामुळे आकडा परत तीनवर जात नाही. डोंगल, जुने वायफाय राउटर आणि गाडीचे ट्रॅकर यांच्यातही हेच होतं.

उपाय असा. पीयूके मिळवून सिम फोनमध्येच उघडा. मग फोनच्या सेटिंग्जमधून पिन बंद करा. फोन एकदा बंद-चालू करून पिन न विचारता रेंज येते ना याची खात्री करा आणि मगच सिम स्टार्टरमध्ये घाला. पिनवाली सिम अशा यंत्रात घालूच नये.

तुमचं यंत्र संगणकाला जोडता येत असेल तर सिमची अवस्था विचारता येते:

```
AT+CPIN?
+CPIN: SIM PUK
```

`READY` आलं तर सिम उघडं आहे, `SIM PIN` आलं तर पिन हवाय, वरसारखं आलं तर पीयूके.

मोटार_बारामती
आमच्याकडे रात्रीची वीज आठवड्यागणिक बदलते आणि अधूनमधून झटके मारत येते. तीन संधी एका रात्रीतही जात असतील. उद्या सिम काढून आणतो.

निरंजन_ठाणे
मुळात सिम पिनची गरज काय? आजकाल चोर सिम चोरत नाहीत. खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढतात. पिन तिथे शून्य उपयोगाचा. उगाच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास.

रानवारा
निरंजन, दुसरं सिम काढलं तर पिन उपयोगाचा नाही हे खरं, कारण ती चिपच वेगळी असते. पण लोकलमध्ये किंवा बाजारात फोन मारला गेला तर? फोनला पासवर्ड आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. चोर ट्रे काढून सिम साध्या फोनमध्ये घालतो आणि पुढच्या मिनिटाला तुमच्या नंबरचे ओटीपी त्याच्या हातात. व्हॉट्सॲपची नोंदणीही त्यावर होते. ही वाट पिनने बंद होते. तक्रार करून सिम बंद करून घेईपर्यंत जो अर्धा तास-तास जातो, त्या वेळासाठी हा पिन आहे.

निरंजन_ठाणे
फोन चालू असताना चोरला आणि सिम काढलंच नाही तर? ओटीपी लॉक स्क्रीनवरच दिसतो.

रानवारा
बरोबर. पिन फक्त फोन चालू होताना किंवा सिम घालताना विचारला जातो. एकदा उघडला की फोन बंद होईपर्यंत उघडाच. म्हणून लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंगही सोबत करावी लागते. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

निरंजन_ठाणे
तरुणांसाठी पटतं. सत्तरीच्या माणसांसाठी अजूनही पटत नाही. रात्री फोन आपोआप अपडेट होऊन परत चालू झाला की सकाळी सिम पिन मागत बसतं आणि तोपर्यंत त्यांचा फोन बाहेरच्यांना बंद लागतो. मुलगा दुसऱ्या गावाहून फोन लावतोय आणि लागत नाही, हा घोर चोरीपेक्षा कमी नाही.

अनघा_डोंबिवली
निरंजन यांचा मुद्दा खरंच विचारात घेण्यासारखा आहे. आईशी बोलते.

आता अडचण अशी आहे. ॲपमध्ये लॉगिन नव्हतं. कस्टमर केअरला आईने स्वतः बोलून पीयूके मिळवलाय, कागदावर लिहून दोनदा पडताळला. टाकण्याआधी विचारते, आणखी काही चुकू शकतं का? आईच्या फोनमध्ये दोन सिम आहेत.

चिपवाला
विचारलंत ते उत्तम. तीन गोष्टी बघा.

दोन सिम असतील तर दुसरं बाहेर काढून ठेवा. पीयूके एका सिमचा आणि टाकला दुसऱ्याच्या खिडकीत, असं सहज होतं, विशेषतः दोन्ही एकाच कंपनीची असतील तर. दुसऱ्या सिमच्या दहा संधींतली एक विनाकारण जाते.

मग पीयूके टाका. फोन लगेच नवा पिन दोनदा मागेल. तो ४ ते ८ आकडी असतो. इथे धीर धरा, कारण काही चुका मोजल्याच जात नाहीत. पीयूके आठ आकड्यांपेक्षा कमी टाकला किंवा नवा पिन दोन्ही वेळा जुळला नाही तर अँड्रॉइड फोन स्वतःच अडवतो, सिमपर्यंत काही पोचवत नाही. तिथे संधी जात नाही. पण आठ आकडे पूर्ण आणि त्यातला एक चुकीचा, तर सिमपर्यंत जातो आणि आठच्या सात होतात.

पडदा नीट चालत नसेल तर डायलरमधूनही तेच करता येतं. सिम आत असताना हे टाका, पीयूकेच्या जागी तुमचा आठ आकडी आकडा, नवा पिन दोन वेळा:

```
**05*PUK*नवा पिन*नवा पिन#
```

बरोबर असेल तर पिनच्या संधी तीनवर आणि पीयूकेच्या दहावर परत येतात. आणि पीयूकेने उघडलेल्या सिमला पिन लागलेलाच राहतो. तुम्हाला नको असेल तर नंतर सेटिंग्जमधून बंद करायचा.

इतर वाचकांसाठी एक. हाच कोड पिन अडकण्याआधीही चालतो. मूळ पिन माहीत नाही, एक-दोन संधी गेल्यात, तर तिसऱ्यांदा अंदाज बांधण्यापेक्षा आधी पीयूके मागवा आणि याने सरळ नवा पिन ठेवा. इंटरनेटवर अमुक कंपनीचा मूळ पिन ०००० आणि तमुकचा १२३४ अशा याद्या फिरतात. काही खऱ्या निघतात, पण कंपनी ते बदलू शकते. एकच अंदाज बांधा, तो चुकला की थांबा.

प्राची_पणजी
माझ्या फोनमध्ये `PIN2` नावाचंही काहीतरी आहे. तो अडकला तर सिम बंद पडेल का?

चिपवाला
नाही. पिन २ ने ठरावीक नंबरांनाच फोन लावता येईल अशी यादी आणि त्यासारख्या जुन्या सोयी उघडतात. तो तीनदा चुकला तर पीयूके २ लागतो. तोही दहादा चुकला तर त्या सोयी गेल्या, पण फोन लावणं, घेणं, एसेमेस, डेटा सगळं चालू राहतं. एकच धोका, पीयूके २ च्या खिडकीत साधा पीयूके टाकू नका. दोन्ही आठ आकडी असतात आणि कस्टमर केअरवाला दोन्ही एका दमात सांगतो.

टेंभुर्णीकर
२४ तासांबद्दल माझी समजूत चुकीची होती, मान्य. पण २४ तासांचं काहीतरी आहे हे नक्की. गावातल्या एकाचं सिम दहादा पीयूके चुकून गेलं. त्याने नवीन काढलं तर एक दिवस एसेमेस येत नव्हते.

रिचार्जवाला_सांगली
ते वेगळं, पण खरं आहे. दहा संधी संपल्या की त्या चिपचं काहीच होत नाही, कंपनीही ती उघडू शकत नाही. मग ज्याच्या नावावर सिम आहे त्याने ओळखपत्र घेऊन स्वतः कंपनीच्या दुकानात जायचं, तिथे पडताळणी होऊन त्याच नंबरचं नवं सिम मिळतं. बदललेलं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसेमेस येणं आणि जाणं दोन्ही बंद ठेवतात. चोराने खोटं सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून दूरसंचार विभागाने तसं सांगितलंय. फोन लावणं चालतं, ओटीपी येत नाहीत. म्हणून ज्या दिवशी बँकेचं काम आहे त्याच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी सिम बदला.

शिवाय १ जुलै २०२४ पासून नियम असा की सिम बदलल्यापासून सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. सिमच्या वैतागाने कंपनीच बदलायची म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

आणि नवं सिम म्हणजे नवी चिप. यूपीआय ॲप परत एसेमेस पाठवून नोंदणी करायला लावेल, तेही २४ तासांनंतरच होईल. म्हणूनच अनघाताई, पीयूकेने उघडतंय तोवर सिम बदलू नका. त्याच चिपवर सगळं आहे तसं राहतं.

प्राची_पणजी
सिम वडिलांच्या नावावर आणि ते हयात नसतील तर?

रिचार्जवाला_सांगली
मग पीयूकेही नीट मिळत नाही आणि सिम बदलूनही मिळत नाही, कारण पडताळणी त्यांच्याच नावाची होते. मृत्यूचा दाखला देऊन आधी नंबर वारसाच्या नावावर करून घ्यावा लागतो. हे सिम अडकण्याआधी करून ठेवलेलं बरं. अडकल्यावर दोन कामं एकदम अंगावर येतात.

फिरस्ता_म्युनिक
ई-सिमचं काय? त्यात बाहेर काढण्यासारखं काही नाही.

चिपवाला
ई-सिमच्या प्रोफाइललाही स्वतःचा पिन आणि पीयूके असतो आणि हिशोब तोच. फरक एवढाच की दहादा पीयूके चुकला तर प्लास्टिक बदलायचं नसतं, कंपनीकडून नवं प्रोफाइल उतरवून घ्यायचं असतं. आणि तुम्ही म्हणता तसं, चोराला ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही. त्यामुळे पिनची निकड तिथे कमी.

अनघा_डोंबिवली
झालं! दुसरं सिम काढून ठेवलं, आईने स्वतःच्या हाताने पीयूके टाकला, मी समोर कागद धरला होता. पहिल्याच प्रयत्नात उघडलं. नवा पिन दोनदा मागितला, तोही टाकला. दोन मिनिटांत रेंज आली आणि अडकून राहिलेले बँकेचे तीन मेसेज लागोपाठ येऊन पडले.

रात्री घरी चर्चा झाली. आई म्हणाली, पिन राहू दे, पण तिला पाठ असलेला हवा. वाढदिवस ठेवायचा नाही यावर एकमत झालं. पीयूके आणि सिमवरचे शेवटचे पाच आकडे एका कागदावर लिहून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवले. जुनं प्लास्टिक कार्ड कात्रीने कापून टाकलं.

एक शंका उरली. माझ्या धाकट्या भावाने त्याच्या सिमवर हीच चूक महिन्यापूर्वी केली होती. सेटिंग्जमध्ये तीनदा चुकीचा पिन टाकला. पण त्याचं सिम अजूनही बिनदिक्कत चालतंय, पीयूके मागितलाच नाही. असं कसं?

रानवारा
त्याने कदाचित दोनदाच टाकला असेल.

चिपवाला
तीनदा टाकला असेल तरी शक्य आहे. जुन्या जीएसएम ११.११ मानकात यावर मुभाच ठेवलेली आहे. पिन बंद असताना तो चालू करायच्या प्रयत्नात तीनदा चुकला, तर पिन अडकतोच, पण त्याच वेळी सिमने पिन "चालू" समजायचा की "बंद" ठेवायचा हे चिप बनवणाऱ्यावर सोडलंय. बंदच राहिला तर सिम नेहमीसारखं चालतं. फक्त पिन चालू किंवा बदलायला गेलं की नकार येतो. चालू समजला तर तुमच्या आईच्या सिमसारखं ताबडतोब दार बंद. दोन्ही प्रकारची सिम बाजारात असू शकतात आणि वरून बघून ओळखता येत नाहीत.

तुमच्या भावाने सेटिंग्जमध्ये परत जाऊन `Lock SIM` चं बटण दाबून बघू नये. त्याच्या सिमचा पिन आतून अडकलेला असेल. पीयूके आताच मागवून ठेवावा.

अनघा_डोंबिवली
त्याला कळवते. तो मागवून टाकतो का, आणि टाकल्यावर पिन आपोआप चालू होतो का, ते इथेच लिहायला सांगते.

मोटार_बारामती
स्टार्टरचं सिम आणलं काढून. पीयूके मिळाला, फोनमध्ये उघडलं, पिन बंद केला, फोन दोनदा बंद-चालू करून पाहिला. आज संध्याकाळच्या पाळीला मोटार फोनवरून चालू झाली. शेजारच्या दोन विहिरींवरही तेच यंत्र आहे, त्यांचीही सिम उद्या तपासून घेतो.